आवाज दोराच्या रेषेतच हवा

अगं पोरी,

तुझा मेसेज वाचला, वर्गातली चार न दिसणारी पोरं खेळाच्या तासाला कट्ट्यावर बसून असतात म्हणालीस. आधी त्यांना पळायला दोर बांध, बॉलचं मग बघू.

मिरजेला असताना मी नायलॉनची दोरी बांधली होती, ती लोंबायची आणि हात घसरला की तळवा सोलायचा. सुती जाड दोर घे, दोन खांबांच्या मधे कमरेच्या उंचीवर, वीसेक मीटर बास झाला, जास्त केलास तर मधे झोळ पडतो. दोर ताणायच्या आधी त्यात पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा ओवायचा (मला हे एकदा सगळं बांधून झाल्यावर आठवलं, परत सोडत बसलो). पाइपला हातभर नाडी बांध, पोरानं ती धरून पळायचं. खांबाच्या चार-पाच मीटर आधी दोरावर चिंध्या गुंडाळ, सुरुवातीला पातळ, पुढं जाड, म्हणजे पाइप घासत हळू होतो, हिसका बसत नाही. तरी खांबाला जुना टायर बांधच.

माझी खरी चूक वेगळीच. उन्हाचा त्रास म्हणून मी बाजूला लिंबाच्या सावलीत उभा राहून हाका मारत होतो, आणि पोरगं आवाजाच्या दिशेनं ओढलं गेलं, दोर धनुष्यासारखा वाकला अन् ते आडवं पडलं. खरचटलं तेवढंच, पण पुढं आठवडाभर त्यानं नाडी धरली नाही. म्हणून हाक मारणाऱ्यानं खांबाच्या मागं, दोराच्या रेषेतच उभं राहायचं, आणि बोलायचं एकानंच. दोर एका अंगाला वाकतोय असं दिसलं की समज, कुणीतरी बाजूनं ओरडतंय. 'इकडं ये', 'जरा तिकडं' हे त्यांच्या काही कामाचं नाही. आधी नाव, मग 'डावीकडं दोन पावलं'. 'थांब' हा शब्द फक्त थांबायलाच, चेष्टेतसुद्धा नाही.

घुंगरांचा बॉल मिळेपर्यंत साधा फुटबॉल पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांध, मुरुमावर घरंगळताना छान खसखस वाजतो. गवतावर आवाज मरतो, आणि साताऱ्याला वारा सुटला की काहीच ऐकू येत नाही, मग सरळ व्हरांड्यात खेळव. तिथं फरशीवर सुतळी ठेवून वर टेप चिकटवली की पायाला रेषा लागते, न दिसणाऱ्यांचा गोलबॉल म्हणून खेळ आहे, त्याच्या कोर्टावर असंच करतात. थांबलेला बॉल मुका असतो हे लक्षात ठेव, तो थांबला की तूच जवळ जाऊन त्यावर थाप मार. खेळ बघणारी पोरं गोल झाला की ओरडू देत, आधी नाही. ज्यांना अंधुक दिसतं त्यांनाही पट्टी बांध, नाहीतर बॉल सारखा त्यांच्याकडंच राहतो.

आणि कुणाला डोळ्याच्या पडद्याचा त्रास असला, ऑपरेशन झालेलं असलं, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पळवू नकोस.