चौरस स्लॅब: यील्ड लाइनचं wL²/24 की तक्त्यातलं ०.०६२?

प्रश्न: चारही बाजूंनी सिंपली सपोर्टेड चौरस स्लॅबला यील्ड लाइनने मोमेंट wL²/24 येतं, म्हणजे ०.०४२. आयएस ४५६ च्या तक्त्यात मात्र ०.०६२ आहे. एवढा फरक कसा? आणि डिझाइनला कोणतं घ्यायचं?

दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त ते दोन वेगळ्या स्लॅबचे आहेत. एकाचे कोपरे उचलायला मोकळे आहेत. दुसऱ्याचे कोपरे दाबून धरलेले आहेत आणि तिथे वरच्या बाजूला लोखंड आहे. हा भेद नीट न सांगता wL²/24 शिकवलं जातं याचा मला मनस्वी राग आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी नोकरीला लागलो तेव्हा ऑफिसात एक सीनियर साहेब होते. एका बंगल्याच्या हॉलवर साडेपाच मीटर चौरस स्लॅब होता. चहूबाजूंनी विटांची भिंत, वर गच्ची आणि पॅरापेट. जाडी सहा इंच. स्लॅबचं वजन ३.७५, कोबा धरून फिनिशचं २ आणि लाइव्ह लोड १.५, म्हणजे चौरस मीटरला ७.२५ किलोन्यूटन. दीडपट केले की जवळपास १०.९. साहेबांनी दोन कर्ण काढले, मधला बिंदू एक एककाने खाली नेला आणि हिशेब मांडला. भाराने केलेलं काम म्हणजे भार गुणिले पिरॅमिडचं घनफळ, wL²/3. प्रत्येक त्रिकोण आपल्या भिंतीभोवती 2/L इतका फिरतो आणि त्या अक्षावर यील्ड लाइनची प्रक्षेपित लांबी L येते. म्हणून एका त्रिकोणाचे 2m, चारांचे 8m. दोन्ही बाजू समान केल्या की m = wL²/24, आपल्या स्लॅबला मीटरमागे १३.७ किलोन्यूटन मीटर. तक्त्याप्रमाणे हेच २०.४ येत होतं. दहाचे गज १५० वर लागायचे ते २३० वर आले. इथवर माझी काही तक्रार नाही.

मग ड्रॉइंगमधली कोपऱ्यांची वरची जाळी त्यांनी लाल पेनने खोडली. म्हणाले, "यील्ड लाइनमध्ये फक्त खालची जाळी धरलीय. वरचं लोखंड हिशेबात कुठे आलं दाखव." मी म्हटलं, सर, कर्ण सरळ कोपऱ्यापर्यंत जातो हे आपण गृहीत धरलंय, तो जाईलच असं नाही. माझं ऐकलं गेलं नाही.

तिथे काय घडतं ते सांगतो. यील्ड लाइन अपर बाउंड पद्धत आहे. तुम्ही निवडलेल्या मोडण्याच्या पद्धतीपेक्षा सोपी पद्धत स्लॅबला सापडली, तर तो तुमच्या आकड्याच्या आधीच मोडतो. चौरस स्लॅबला अशी पद्धत कोपऱ्यातच सापडते. कर्णावरची रेघ कोपऱ्याच्या अलीकडे इंग्रजी Y सारखी फुटते आणि कोपऱ्यात एक छोटा त्रिकोण सुटा होतो. कोपरा मोकळा असेल तर तो भिंतीवरून उचलतो. पॅरापेटने दाबलेला असेल आणि वर लोखंड नसेल, तर कर्णाला काटकोनात वरून चीर पडते. हे कॉर्नर लीव्हर हिशेबात घेतले की m = wL²/22 येतं, म्हणजे सुमारे नऊ टक्के जास्त. ज्यांच्या नावाने ही पद्धत चालते त्या डेन्मार्कच्या योहान्सन यांनी कोपऱ्यांचा हा विचार केलेला आहे. आपल्याकडे परीक्षेपुरतं शिकताना तो गळतो.

आता २४ खरा ठरतो तो कधी? लोअर बाउंडने तपासा. स्लॅबच्या मध्यापासून x, y मोजा आणि दोन्ही दिशांचे मोमेंट m(1−4x²/L²), m(1−4y²/L²) असे धरा, टॉर्शन 4mxy/L². समतोलाच्या समीकरणात टाकलं की दोन दिशांचे आठ-आठ आणि टॉर्शनचे आठ मिळून बरोबर २४ होतात. म्हणजे भाराचा एक तृतीयांश वाटा टॉर्शन उचलतं. हे टॉर्शन कोपऱ्यात पूर्ण m इतकं होतं, आणि ते पेलायला कोपऱ्यात वरही तेवढ्याच ताकदीचं लोखंड हवं. शिवाय कोपरा 2m इतक्या जोराने खाली धरून ठेवावा लागतो. आपल्या हॉलला तो जोर सुमारे २७ किलोन्यूटन, म्हणजे पावणेतीन टन. वरचं लोखंड काढलं की २४ म्हणायचा हक्क गेला. टॉर्शन सगळंच सोडून दिलं तर भार दोन दिशांत अर्धा-अर्धा वाटून wL²/16 उरतं. तुमचं तक्त्यातलं ०.०६२ हेच, कोपरे मोकळे असलेल्या स्लॅबसाठीचं.

हॉलचं पुढे काय झालं? पहिल्याच पावसाळ्यात कोपऱ्यात भिंतीच्या माथ्याला ओल आली. कॉन्ट्रॅक्टरने वॉटरप्रूफिंगवाल्याला धरलं, साहेबांनी कॉन्ट्रॅक्टरला. मी कोबा फोडून घेतला. कोपऱ्यापासून दोनेक फुटांवर, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत तिरकी चीर. वर चांगली उघडी, तिच्यात पांढरा क्षार धरलेला. बरोबर त्याच जागी खालून सीलिंग बघितलं तर चिरेचा मागमूस नाही. वर रुंद आणि खाली मिटलेली चीर वरच्या बाजूच्या ताणाची असते. नुसत्या आकुंचनाची असती तर बहुधा आरपार गेली असती. उन्हाने गच्ची तापून थोडी मदत झाली असेल, ते मी नाकारत नाही. पण तिथे दहाच्या गजांची जाळी असती तर ती चीर केसाएवढी राहिली असती. साहेबांनी चूक शेवटपर्यंत मानली नाही.

तेव्हा तुम्हाला कोणी "यील्ड लाइनला कोपऱ्याचं लोखंड लागत नाही" असं सांगितलं, तर त्याला २२ चा हिशेब मांडायला सांगा. परीक्षेत २४ लिहा. डिझाइनला यील्ड लाइन घेणार असाल तर २२ धरा आणि वर कोपऱ्यांत जाळी द्याच: आयएस ४५६ प्रमाणे खाली-वर मिळून चार थर, प्रत्येक थरात मधल्या लोखंडाच्या पाऊण क्षेत्रफळाएवढे गज, दोन्ही कडांपासून स्पॅनच्या एक पंचमांशापर्यंत. आपल्या हॉलला म्हणजे १.१ मीटर. वर पॅरापेट किंवा भिंत नसेल आणि कोपरा बीमलाही बांधलेला नसेल, तर मुकाट्याने ०.०६२ घ्या.

दोन गोष्टी राहिल्या. 8m चा हिशेब तेव्हाच खरा, जेव्हा खालचे सगळे गज भिंतीपर्यंत जातात. बारबेंडरने सवयीने अर्धे गज आधीच तोडले किंवा वर वाकवले, तर कडेला m कमी पडतो आणि मोडण्याची दुसरी पद्धत सापडते. आणि यील्ड लाइन डिफ्लेक्शनबद्दल अवाक्षर काढत नाही. त्या सहा इंची स्लॅबचं स्पॅन भागिले इफेक्टिव्ह डेप्थ ४६ येत होतं, मर्यादा तिसाच्या आसपास. म्हणजे मोमेंट काहीही येवो, तो स्लॅब जाड करायलाच हवा होता.