हातचा डोक्यात ठेवू नकोस

"अक्षरांच्या जागी अंक शोधायचं कोडं आलं की मी एकेक आकडा घालून बघत बसते. वीस मिनिटं जातात आणि हाती काही लागत नाही. माझं गणितच कच्चं आहे का, मॅडम?"

विचारणारी मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, कॅम्पस प्लेसमेंटची चाचणी तोंडावर आलेली. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मी उत्तर दिलं नाही, तिची वही मागितली. हेन्री ड्यूडनी या इंग्रज कोडेकाराने १९२४ साली छापलेलं प्रसिद्ध कोडं तिने चार वेळा मांडलं होतं:

```
   SEND
 + MORE
 ------
  MONEY
```

प्रत्येक अक्षर म्हणजे एक अंक, दोन अक्षरांना एकच अंक नाही आणि संख्येच्या सुरुवातीला शून्य नाही. पान खोडून खोडून भोकं पडायला आलं होतं, पण अख्ख्या पानावर हातचा एकदाही लिहिलेला नव्हता. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "शाळेत हातचा लिहिला की बाई ओरडायच्या. डोक्यात ठेवायचा, म्हणायच्या."

साध्या बेरजेत हे खपून जातं. इथे मात्र अक्षरांच्या आधी हातचेच शोधायचे असतात. अक्षर दहांपैकी काहीही असू शकतं, पण दोन संख्यांच्या बेरजेत हातचा ० किंवा १, तिसरं काही नाही. ९ आणि ९ आणि आधीचा १ धरला तरी १९च होतात. मी तिला रकान्यांच्या डोक्यावर पेन्सिलीने चौकोन काढायला लावले आणि म्हटलं, "आता डावीकडून बघ."

M हा हजारच्या रकान्यातून आलेला नुसता हातचा आहे आणि पहिलं अक्षर असल्यामुळे शून्य असू शकत नाही. म्हणून M = १. तिने लगेच लिहिलं, S = ९. "कशावरून?" "दहा व्हायला हवेत ना!" उत्तर बरोबर होतं, कारण चुकीचं. शतकाकडून हातचा आला असता तर S = ८ असूनही दहा झाले असते. अशी नशिबाने बरोबर आलेली पायरी मला चुकलेल्या पायरीपेक्षा जास्त खटकते, कारण पुढच्या कोड्यात तीच बुडवते.

मग ती सावकाश बोलू लागली. S आणि १ मिळून, हातच्यासकट, १० किंवा ११. पण ११ झाले तर O = १, आणि १ तर M ने घेतलाय. म्हणजे O शून्य. S अजून ठरला नव्हता, तरी O सापडला! आता शतकाचा रकाना: E अधिक शून्य अधिक दशकाकडचा हातचा. त्यातून पुढे हातचा जायचा तर E = ९ आणि मागून १ यायला हवा, पण मग N शून्य होतो, तो O ने घेतलेला. म्हणून शतकाकडून हातचा जात नाही, आणि S आता खरोखर ९. N आणि E वेगळे असायचे तर दशकाकडून १ यायलाच हवा, म्हणून N हा E पेक्षा एकाने मोठा. दशकात त्यामुळे R अधिक एककाचा हातचा मिळून ९. ९ तर गेला, म्हणून R = ८ आणि एककाचा हातचा १.

उरले २ ते ७. Y निदान २ असणार, म्हणून D आणि E मिळून निदान १२, म्हणजे ५ आणि ७ किंवा ६ आणि ७. E = ७ घेतला तर N = ८, तो R चा. मग D = ७. E = ६ घेतला तर N = ७ होऊन D शी भांडतो. राहिला E = ५, N = ६, Y = २. ९५६७ + १०८५ = १०६५२. बेरीज तिने दोनदा करून पाहिली. अंक घालून बघायची वेळ अगदी शेवटी आली होती, तीही दोनच जोड्यांची.

निघताना मी एक सावधगिरी सांगितली: तीन संख्यांची बेरीज असेल तर हातचा २ सुद्धा येतो, तेव्हा पहिलं अक्षर डोळे झाकून १ धरायचं नाही.

आठवड्याने तिचा मेसेज आला. TWO + TWO = FOUR मध्ये तिला TWO = ९३८ मिळालं, मैत्रिणीला ७३४. "माझंच चुकलं असणार ना?" मी लिहिलं, दोन्ही बेरजा करून बघ. १८७६ आणि १४६८, दोन्ही नियमात बसत होत्या. या कोड्याला सात उत्तरं आहेत. F = १ एवढंच हातच्यावरून पक्कं होतं. T निदान ५ हवा, पण ९च असेल असं नाही. चाचणीत असं कोडं आलं तर बहुधा जास्तीची एखादी अट दिलेली असते, ती आधी वाचायची.

रात्री साडेदहाला पुन्हा मेसेज: "मॅडम, ८३६ पण जमतंय."