बढतीच्या मेलचा मसुदा

सप्रेम नमस्कार,

तुझ्या चाचणी विभागातील बढती जाहीर करणाऱ्या मेलचा मसुदा दोनदा वाचला. तिघांमधून एकीची टीम लीड म्हणून निवड झाली आहे आणि उरलेले दोघे हा मेल सर्वांत बारकाईने वाचणार आहेत, म्हणून त्यांच्या नजरेने वाचून लिहितो आहे.

"तिन्ही अर्जांचा विचार करून सर्वांत योग्य व्यक्तीची निवड केली" हे वाक्य काढून टाक. अर्ज कोणी केले होते हे विभागात सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे या वाक्यातून निकष कळत नाहीत, फक्त दोघांचे कमीपण चारचौघांत जाहीर होते. त्याऐवजी अंतर्गत जाहिरातीतील तीन निकष त्याच शब्दांत दे: रिलीजच्या चाचणीचे नियोजन, नव्या सहकाऱ्यांचे प्रशिक्षण आणि ग्राहकाशी थेट संवाद. प्रत्येक निकषाखाली तिने केलेले काम लिही, जसे की "गेल्या 2 तिमाहींत 4 रिलीजच्या चाचणीचे नियोजन केले". "नेतृत्वगुण" किंवा "सकारात्मक दृष्टिकोन" लिहिलेस तर वाचणाऱ्याला आपल्यात ते नाहीत एवढेच ऐकू येते. नियोजनाचे काम मात्र तो पुढच्या तिमाहीत मागून घेऊ शकतो.

जाहिरातीत नसलेला एकही निकष मेलमध्ये येऊ देऊ नकोस. मी एकदा अशाच मेलमध्ये, कौतुकाच्या भरात, "रात्री-अपरात्री उपलब्ध राहण्याची तयारी" असे लिहून गेलो. निवडीशी त्याचा काही संबंध नव्हता. दुसऱ्या दिवशी लहान मूल असलेली एक सहकारी आली आणि तिने शांतपणे विचारले, "ही अट आधी का सांगितली नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हते. निवड योग्य होती, पण माझ्या त्या एका वाक्याने ती अन्यायाची ठरली, आणि खुलाशाचा दुसरा मेल पाठवूनही तिचा विश्वास परत आला नाही. म्हणून पाठवण्यापूर्वी मसुदा जाहिरातीशेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहा.

निवड न झालेल्या दोघांचे नाव घेऊन आभार मानण्याचा तुझा हेतू चांगला आहे, तरी तो परिच्छेद नको, कारण त्यातून त्यांचा नकार सर्वांपर्यंत पोहोचतो. त्यांना त्याच दिवशी सकाळी स्वतंत्रपणे भेट. कोणता निकष कोणत्या कामात अपुरा पडला हे तिथे स्पष्ट सांग, आणि ते तिथेच राहू दे.

मेलच्या शेवटी व्यवहाराचे लिही: नवी जबाबदारी कोणत्या तारखेपासून, रजा कोण मंजूर करणार आणि या वर्षीचे मूल्यमापन कोण लिहिणार. हे शेवटचे काम यंदा तुझ्याकडेच ठेव. कालपर्यंत बरोबरीने बसणाऱ्या व्यक्तीने आपले वर्ष मोजावे, हे त्या दोघांना इतक्या लवकर जड जाईल.

दोघांशी बोलणे होईपर्यंत मेल शेड्यूलही करू नकोस; एखाद्याची भेट लांबली तर मेल थांबव.

तुझा,
एक ज्येष्ठ सहकारी