पाजताना बाळाला ठसका लागतो

प्रश्न: सोलापुरात माहेरी आहे, बाळ दीड महिन्याचं. पाजायला घेतलं की मिनिटभरात गटागटा गिळतं, ठसकतं, तोंड काढून रडतं. दूध कमी पडतंय का?

उत्तर: नाही गं, उलट पान्हा जोरात फुटतोय. माझ्या लेकीचंही असंच व्हायचं. ठसका लागला की तिला बाजूला घेऊन पहिली धार टॉवेलवर जाऊ द्यायचे (सोलापुरी टॉवेलची घरात काय कमी!). मिनिटभरात धारेचे थेंब झाले की पुन्हा पाजायचे. मागे रेलून बस, बाळाला छातीवर पालथं घे; मग दूध घशात कोसळत नाही. आई म्हणेल, पिळून टाक. पण जास्त पिळलंस तर दूध आणखी वाढेल. पान्हा ओसरल्यावरही प्रत्येक वेळी ठसका लागत असेल किंवा वजन वाढत नसेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखव. ओठ निळे पडले तर लगेच दवाखाना गाठ.