भागभांडवलावरचा परतावा वाढला, पण कशामुळे?

भागभांडवलावरील, म्हणजे राखीव निधीसह भागधारकांच्या एकूण पैशावरील, परतावा १५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेला म्हणून कंपनी सुधारली, असा निष्कर्ष काढण्यापूर्वी तुम्ही त्या आकड्याची फोड करून पाहावी: विक्रीवरील निव्वळ नफ्याचे प्रमाण, एकूण मालमत्तेच्या तुलनेत विक्री आणि भागभांडवलाच्या किती पट मालमत्ता, या तिघांचा गुणाकार म्हणजेच हा परतावा. समजा, आधी हे घटक १० टक्के, १ आणि १.५ होते, आता ते ८ टक्के, ०.९ आणि २.५ आहेत. म्हणजे पहिल्या दोन घटकांचा गुणाकार असलेला मालमत्तेवरील परतावा १० टक्क्यांवरून ७.२ टक्क्यांवर घसरला आहे. वाढ दिसते ती केवळ भागभांडवलाच्या तुलनेत देणी वाढल्यामुळे.

येथे एक गुंता आहे, आणि नवखे वाचक बहुधा तिथेच फसतात. कर्जाचे व्याज निव्वळ नफ्यातूनच वजा होत असल्याने हे तीन घटक एकमेकांपासून पूर्णपणे स्वतंत्र नसतात. म्हणून नफ्याचे प्रमाण घटले, तर व्याज व कर यांपूर्वीच्या नफ्याचे विक्रीशी प्रमाणही तपासावे. ते स्थिर असेल आणि कराच्या दरातही फरक नसेल, तर घट बहुतेक व्याजामुळे आहे. तेही घटले असेल, तर मूळ धंद्यातच अडचण आहे. शिवाय तिसरा घटक नवे कर्ज न घेताही वाढतो: समभागांची पुनर्खरेदी किंवा मोठा तोटा यांमुळे भागभांडवल आकसले, तरी तो फुगतो.