आधी खोली, मग कर्ज

प्रश्न: "मी ७१ वर्षांचा आहे, पत्नी ६४ वर्षांची. घर स्वतःचं आहे, कर्ज नाही, पण पेन्शनमध्ये महिना भागत नाही. रिव्हर्स मॉर्गेज घ्यावं की एक खोली भाड्याने द्यावी? घर हातचं जाईल अशी भीती वाटते."

तुमची भीती खोटी नाही. पण घर जातं ते कधी आणि कशामुळे, हे एका जोडप्याच्या गोष्टीतून सांगतो. ओळख कळू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

काका ७६ वर्षांचे, काकू ६७ च्या. काका आले तेव्हा हातात रिव्हर्स मॉर्गेजचा, म्हणजे राहतं घर तारण ठेवून मिळणाऱ्या कर्जाचा अर्ज होता, फक्त सही राहिली होती. हिशेब सोपा व्हावा म्हणून त्यांच्या घराची किंमत १०० भाग धरू. कर्जदाता २० भाग एकरकमी द्यायला तयार होता. हप्ता नाही, राहतं घर सोडायचं नाही. रक्कम मुदत ठेवीत टाकून व्याजावर घर चालवायचं, असा काकांचा बेत होता. त्यांना कमी पडत होते वर्षाला साधारण २ भाग.

मी आधी कागदावर दोन रकाने केले. या कर्जाला हप्ता नसतो, म्हणून न भरलेलं व्याज मुद्दलात मिसळतं आणि पुढच्या वर्षी त्याच्यावरही व्याज चढतं. ८ टक्के दराने २० भाग एकदम उचलले, तर १० वर्षांनी देणं ४३ भाग होतं आणि २० वर्षांनी ९३. दुसऱ्या रकान्यात तेच पैसे दर वर्षी २ भाग असे घेतले. २० वर्षांत हातात आले ४० भाग, आणि देणं झालं सुमारे ९१. म्हणजे दुप्पट पैसे वापरूनही कर्ज जवळपास तेवढंच. काका बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. ८ टक्क्यांनी उसने घेऊन त्याहून कमी व्याजाच्या ठेवीत ठेवायचं, म्हणजे घराचा एक तुकडा दर वर्षी फुकट देणं होतं. एकरकमी उचल मी फक्त एकरकमी खर्चासाठी मान्य करतो, उदाहरणार्थ शस्त्रक्रिया किंवा गळकं छप्पर.

माझी खरी काळजी वेगळीच होती. अर्जावर काकूंचं नाव नव्हतं. विचारलं तर काका म्हणाले, "घर माझ्या नावावर आहे, आणि एजंट म्हणाला एकट्याच्या नावावर जास्त पैसे मिळतील." एजंट खोटं बोलला नव्हता. किती कर्ज द्यायचं हे वयावर ठरतं, आणि दोघांच्या नावावर असेल तर साधारणपणे धाकट्याचं वय धरतात. ६७ वर्षांच्या व्यक्तीला पुढे जास्त वर्षं राहायचं असतं, म्हणून रक्कम घटते. पण कर्ज परत करण्याची वेळ येते ती कर्जदार वारल्यावर. काका आधी गेले असते, तर करारात नाव नसलेल्या काकूंना काही महिन्यांत सगळं कर्ज फेडा नाहीतर घर विकू द्या, असं पत्र आलं असतं. जास्तीचे ते पैसे काकूंच्या छपराच्या बदल्यात मिळत होते. काही ठिकाणी अशा जोडीदाराला कायद्याचं थोडं संरक्षण असतं, पण त्याच्या भरवशावर मी कुणालाही सही करू देत नाही.

काकू तोवर गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मागची खोली तर रिकामीच आहे."

आम्ही तिथून सुरुवात केली. खोली दिल्याचा निर्णय नोटीस देऊन मागे घेता येतो. कर्जाचं चढलेलं व्याज मात्र मागे घेता येत नाही. शिवाय कर्ज जितकं उशिरा घ्याल तितकी व्याजाला वाढायला वर्षं कमी मिळतात आणि वाढलेल्या वयामुळे रक्कमही जास्त मंजूर होते.

खोलीचं उत्पन्न धरताना मी १२ नाही, १० महिन्यांचं भाडं धरतो. उरलेलं रिकाम्या दिवसांत आणि रंगरंगोटीत जातं. कर वजा करून त्यांना वर्षाला दीड भाग मिळेल असं दिसलं. करार लेखी केला: अनामत किती, नोटीस किती दिवसांची, स्वयंपाकघर आणि बाथरूम कोण कधी वापरणार, पाहुणे राहणार का. घराच्या विमा कंपनीलाही कळवलं, कारण भाडेकरू असल्याचं लपवलं तर दावा नाकारला जाऊ शकतो. एका गोष्टीवर मी अडून बसलो. काकांना त्या खोलीला वेगळं दार आणि ओटा करून द्यायचा होता. बऱ्याच ठिकाणच्या कायद्यात मालकाच्या घरात स्वयंपाकघर वाटून राहणारा आणि स्वतंत्र भाग घेऊन राहणारा यांचे हक्क वेगळे असतात. दुसऱ्याला बाहेर काढणं कितीतरी अवघड. वकिलाला विचारल्याशिवाय भिंत फोडू नका, एवढंच म्हणालो.

पहिला भाडेकरू चौथ्या महिन्यात गेला. रात्री उशिरा फोनवर बोलायचा, काकूंची झोप मोडायची. सांगून फरक पडला नाही, तेव्हा नोटीस दिली. दोन महिने खोली रिकामी राहिली आणि काका मला फोन करून "कर्जच बरं होतं" म्हणाले. दुसऱ्या वेळी त्यांनी आधीच्या घरमालकाशी स्वतः बोलून एक नोकरदार मुलगी ठेवली. ती टिकली. कमी पडणारा अर्धा भाग बचतीतून जात राहिला.

चार वर्षांनी औषधांचा खर्च वाढला आणि बचत आटत आली. तेव्हा त्यांनी रिव्हर्स मॉर्गेज घेतलं, पण काकूंना आधी घराच्या सहमालक करून, दोघांच्या नावावर, आणि एकरकमी नाही, वर्षाला १ भाग मासिक रकमेत. १५ वर्षांनी देणं सुमारे २७ भाग होईल. दर स्थिर आहे आणि कर्ज घराच्या किमतीपेक्षा वाढलं तरी वारसांकडून वरचे पैसे मागणार नाहीत, ही दोन वाक्यं करारात शोधून त्यांच्याखाली मी पेन्सिलने रेघ मारली. मासिक रक्कम किती वर्षं मिळणार हेही पाहिलं. काही करारांत ठरावीक मुदतीनंतर पैसे थांबतात, कर्ज मात्र वाढतच राहतं.

आणखी दोन कलमांमुळे लोकांची घरं जातात. घराचा कर, विमा किंवा दुरुस्ती थकली, तर कर्जदार हयात असतानाही वसुली सुरू होऊ शकते. आणि घरात कुणी कर्जदार सलग ठरावीक महिने राहत नसेल, तरीही. मुलीकडे लांबलेला मुक्काम, शुश्रूषागृहात गेलेलं वर्ष, हे सगळं त्यात मोजलं जातं. भाड्याच्या खोलीलाही कर्जदात्याची हरकत असू शकते. काकांनी त्या मुलीसाठी लेखी परवानगी मागितली, ती यायला दीड महिना लागला, आणि ती हातात येईपर्यंत आम्ही सही थांबवली. मुलांनाही बसवून रकाने दाखवले. मुलगा नाराज झाला, पण ते आई-वडिलांच्या देखत झालं.

तुम्हा दोघांच्या वयातलं अंतर ७ वर्षांचं आहे, आणि घर कोणाच्या नावावर आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. ते आधी कळवा. भेटायला येताना घराची कागदपत्रं, विम्याचा कागद आणि गेल्या १२ महिन्यांचा खर्च आणा. आणि पत्नीला सोबत घेऊन या.