फिरणाऱ्या बेझलवर मिनिटं कशी मोजायची?

प्रश्न: माझ्या नवीन डायव्हर घड्याळाच्या काचेभोवती ० ते ६० आकड्यांची रिंग आहे. ती कटकट आवाज करत एकाच बाजूला फिरते. तिने वेळ मोजता येते म्हणतात, पण नेमकी कशी? आणि उलटी का फिरत नाही?

उत्तर: रिंगवरचा त्रिकोण (अनेक घड्याळांत त्यात अंधारात चमकणारा ठिपका असतो) म्हणजे शून्य. काम सुरू करताना रिंग फिरवून हा त्रिकोण मिनिटकाट्याच्या टोकासमोर आणा. तासकाट्याकडे बघू नका, आणि १२ च्या आकड्याशी तर त्रिकोणाचा काही संबंधच नाही. पुढे कधीही मिनिटकाटा रिंगवरच्या ज्या आकड्यासमोर असेल, तेवढी मिनिटं झाली. वजाबाकी करायची गरज नाही.

समजा १० वाजून ४२ मिनिटांनी गाडी पार्क केली. त्रिकोण ४२ व्या मिनिटासमोर आणला. नंतर मनगटाकडे पाहिलं तेव्हा ११ वाजून ५ मिनिटं झाली होती, म्हणजे मिनिटकाटा तबकडीवरच्या १ च्या आकड्यावर. त्याच्यासमोर रिंगवर २० च्या पुढची तिसरी मिनिटरेष येईल, म्हणजे २३ मिनिटं झाली. बऱ्याच रिंगांवर मात्र पहिली १५ किंवा २० मिनिटंच रेषारेषांनी दाखवलेली असतात आणि पुढे फक्त पाच-पाच मिनिटांच्या खुणा असतात. तिथे मधला अंदाज डोळ्यांनीच घ्यायचा.

घड्याळ पाच मिनिटं पुढे असलं तरी हिशेब चुकत नाही, कारण आपण मिनिटकाट्याने कापलेलं अंतर मोजतोय, खरी वेळ नाही. त्रिकोण १२ वर आणल्यावर तो तबकडीच्या रेषेशी किंचित वाकडा दिसतो, अशी तक्रार पुष्कळ जण करतात. दिसायला ते वाईट, पण मोजणीत फारसा फरक पडत नाही, कारण जुळवायचं काट्याशी, रेषेशी नाही. अडचण खटक्यांची येते. १२० खटक्यांच्या रिंगेत एक खटका अर्ध्या मिनिटाचा, ६० खटक्यांच्या रिंगेत पूर्ण मिनिटाचा. काटा दोन खटक्यांच्या मधोमध असेल तर पहिल्या प्रकारात सुरुवातीलाच पाव मिनिटाची आणि दुसऱ्यात अर्ध्या मिनिटाची चूक होते. म्हणून अंडं उकडायला चालेल, पण सेकंदांची कामं हिच्यावर सोडू नका. बघतानाही घड्याळ डोळ्यांसमोर सरळ धरा. रिंग तबकडीपेक्षा वर असते, तिरकं पाहिलं की मिनिटभराचा फरक सहज दिसतो.

आता एकाच बाजूचं. रिंग काट्यांच्या उलट दिशेनेच फिरते, म्हणजे त्रिकोण १२ वरून ११ कडे, मग १० कडे जातो. जुळवताना एक खटका जास्त झाला तर मागे येता येत नाही. १२० ची रिंग असेल तर आणखी ११९ खटके फिरवून यावं लागतं, म्हणून शेवटचे दोन-तीन खटके सावकाश द्या. हा त्रास मुद्दाम ठेवलेला आहे. पाण्याखाली रिंगला धक्का लागून वरच्या उदाहरणातला त्रिकोण ४२ वरून ४० वर सरकला, तर २३ ऐवजी २५ मिनिटं झालेली दिसतील. पाणबुड्या लवकर वर येईल, टाकीत हवा उरलेली असेल. उलट सरकला असता तर कमी वेळ दिसून तो जास्त वेळ खाली राहिला असता. आता डायव्ह कॉम्प्युटर असतात, त्यामुळे बेझल हा फार तर राखीव उपाय. डायव्हिंग फक्त तिच्या भरवशावर करू नये.

मर्यादा एकच मोठी आहे: तास संपला की रिंग पुन्हा शून्यापासून मोजते. ४२ ला लावलेल्या रिंगवर १२ वाजून १० मिनिटांनी २८ दिसेल, खरी ८८ मिनिटं झालेली असतील. सुरुवातीला किती वाजले होते ते लक्षात ठेवलं की हा घोळ टळतो.

उलटी गणतीही जमते. १० वाजून १० मिनिटं झालीत आणि २५ मिनिटांनी निघायचंय, तर त्रिकोण ३५ व्या मिनिटावर लावा. मिनिटकाटा त्रिकोणाला भिडला की उठा. इथेही धक्का लागला तर त्रिकोण अलीकडे येतो, उशिराची भीती नाही.

रिंग जड फिरत असेल तर जोर लावू नका. बहुतेक वेळा खाली वाळू, मीठ किंवा घामाचा मळ अडकलेला असतो. चावी पूर्ण आत दाबून, स्क्रूची असेल तर घट्ट करून, घड्याळ थोडा वेळ कोमट गोड्या पाण्यात ठेवा आणि त्यातच रिंग सावकाश चार-पाच फेऱ्या फिरवा. काच जुनी असेल किंवा काचेआड वाफ दिसत असेल, तर हे न करता घड्याळजीकडे द्या. खटके न लागता रिंग दोन्ही बाजूंना सरकायला लागली असेल, तर आतली स्प्रिंग झिजलेली किंवा निसटलेली असते. ते धुऊन सुटत नाही.